खाडा

ऊसतोडीच्या मुकादमाची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. 2022-23 च्या गळीत हंगामातील आमच्या कोयत्याचा हिशेब तिच्या एका पानावर आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या पानावरचा कोयता म्हणजे माझे आईवडील. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी 1,00,000 रुपये उचल घेतली आणि बीड जिल्ह्यातील आमचे गाव सोडून ते सांगलीकडच्या फडावर गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी बी. कॉम. झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते.

पदवीदान समारंभ जानेवारीत झाला, म्हणजे तोड ऐन भरात असताना. दोघांनी यायचे म्हटले असते तर कोयता पूर्ण बंद राहिला असता, म्हणून माय फडावर थांबली आणि दादा रात्रीच्या एसटीने एकटेच आले. उसाच्या पाचटाने कापलेली बोटे त्यांनी पूर्ण वेळ गुडघ्यांच्या मध्ये धरून ठेवली होती. समारंभ संपल्यावर त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतले आणि त्यावर आपले नाव कुठे आहे, एवढेच विचारले. माझ्या नावापुढे त्यांचे नाव होते. मी बोट ठेवले, तेव्हा त्यांनीही त्याच जागी बोट ठेवले. मग रेशनकार्ड आणि आधारकार्ड ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते जपतात, तीच पिशवी त्यांनी खिशातून काढली आणि प्रमाणपत्र दुमडू न देता तिच्यात कसे बसेल, याचा बराच वेळ प्रयत्न केला. ते बसले नाही.

त्या दिवशी मैत्रिणींशी ओळख करून देताना मी “हे माझे वडील” असे म्हणाले. घरी मी त्यांना दादा म्हणते. आईलाही मी माय म्हणते, पण महाविद्यालयात तिच्याविषयी बोलताना “आई” हा शब्द कधी तोंडात बसला, हे मला सांगता येणार नाही. दादांच्या ते लक्षात आले असावे, कारण परतीच्या गाडीची वाट पाहताना ते माझ्याशी, तालुक्याच्या साहेबाशी बोलावे तसे, जपून बोलत होते. मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी आपण त्यांना परके करत आहोत, असेही वाटत होते.

होळीच्या सुमारास टोळी गावी परतली आणि हिशेब झाला. दादांनी ती वही पहिल्यांदाच माझ्यासमोर ठेवली. आमच्या नावावर 236 टन तोड मांडलेली होती. टनाला 273 रुपये या दराने त्याचे 64,428 रुपये होतात. उचलीतून ही रक्कम वजा जाता 35,572 रुपये उरतात, पण पानाच्या तळाशी बाकी 37,572 रुपये होती. मधले 2,000 रुपये खाड्यांचे होते. कामावर न आलेल्या माणसामागे दिवसाला 500 रुपये, असे चार खाडे. दोन मायच्या तापाचे होते. उरलेल्या दोन तारखा मी लगेच ओळखल्या, कारण त्यातली एक माझ्या प्रमाणपत्रावर छापलेली आहे.

एवढ्यावर थांबायला हवे होते, पण शिक्षणाची सवय थांबू देत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पावत्या दादांकडे एका तारेत ओवलेल्या होत्या. दहा कोयत्यांच्या टोळीच्या त्या सगळ्या पावत्यांची मी दोन रात्री बेरीज केली. ती 2,470 टन भरली, म्हणजे कोयत्यामागे 247 टन. वहीत 11 टन कमी होते, म्हणजे आमच्या एकट्याचे 3,003 रुपये.

मी तो कागद दादांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले, आकडे बरोबर असल्याचे मान्य केले आणि म्हणाले, “त्याला दाखवू नको. पुढल्या सालची उचल त्याच्याकडूनच घ्यायची हाय.” मायने माझ्याकडे पाहिलेही नाही, ती भाकरी थापत राहिली. बाकी अंगावर असताना मुकादम बदलता येत नाही आणि नवा मुकादम वाद घालणाऱ्या कोयत्याला उचल देत नाही, हे त्या दोघांना माझ्या बेरजेच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. मी ज्याला चूक म्हणत होते, त्याला ते हंगामाचा खर्च समजत होते.

आता मी पुण्यात एका कार्यालयात जमाखर्च पाहते. दरवर्षी होळीला घरी गेले की दादा पावत्यांची तार माझ्यापुढे ठेवतात, दार लोटून घेतात आणि मी बेरीज करते. आकडा ऐकून ते कागदाची घडी घालतात आणि प्लॅस्टिकच्या त्याच पिशवीत, रेशनकार्डाच्या मागे ठेवतात. मुकादमापर्यंत त्यातला एकही कागद अजून गेलेला नाही.