दोन बाणांवरून मॅट्रिक्स

[दृश्य: आलेखाचा कागद. मूळबिंदूतून निघालेले दोन बाण. एकाचं टोक (२, १) वर, दुसऱ्याचं (−१, १) वर.]

या कागदावरचा पहिला बाण एका दोन बाय दोन मॅट्रिक्सने गुणला, की दिशा न बदलता पाचपट लांब होतो. दुसरा तसाच दुप्पट होतो. या दोन रेषांबाहेरचा कुठलाही बाण मात्र वळतो. ५ आणि २ या झाल्या आयगेन व्हॅल्यू, आणि हे बाण त्यांचे आयगेन व्हेक्टर. मॅट्रिक्स मात्र कुणी दिलेली नाही. ती या चार गोष्टींवरून परत उभी करायची आहे.

[दृश्य: कोरा कागद, पेन्सिल.]

पुस्तकी सूत्र असं:

```
A = P D P⁻¹
```

P मध्ये दोन्ही व्हेक्टर उभे, म्हणजे स्तंभ म्हणून लिहायचे. D मध्ये कर्णावर ५ आणि २, बाकी शून्य. क्रम जुळला पाहिजे: पहिल्या स्तंभातल्या व्हेक्टरची व्हॅल्यू D मध्येही पहिली.

```
P = [ २  −१ ]    D = [ ५  ० ]
    [ १   १ ]        [ ०  २ ]
```

P चा डिटर्मिनंट २ × १ वजा (−१) × १, म्हणजे ३. इन्व्हर्ससाठी कर्णावरच्या २ आणि १ यांची अदलाबदल, उरलेल्या दोघांची चिन्हं उलटी, आणि सगळ्याला ३ ने भाग.

P ला D ने उजवीकडून गुणणं सोपं आहे: पहिला स्तंभ पाचपट, दुसरा दुप्पट. पहिली ओळ १०, −२. दुसरी ५, २. याला इन्व्हर्सने गुणून ३ चा भागाकार शेवटी केला, की अपूर्णांक मध्ये लुडबुडत नाहीत.

```
A = ⅓ [ १२  ६ ] = [ ४  २ ]
      [  ३  ९ ]   [ १  ३ ]
```

हाताने करायचं असेल तर इन्व्हर्सशिवायही भागतं, आणि खरं तर तेच बरं. वरची ओळ a, b धरा. ती पहिल्या व्हेक्टरला लागली की १० यायला हवेत, दुसऱ्याला लागली की −२.

```
२a + b = १०
−a + b = −२
```

वजाबाकी केली की ३a = १२. म्हणून a = ४, b = २. खालच्या ओळीसाठी डावी बाजू तीच, उजवीकडे ५ आणि २. त्यातून १ आणि ३ मिळतात. दहावीतली एकसामयिक समीकरणंच ही. a च्या मागे आलेला ३ म्हणजे मघाचाच डिटर्मिनंट.

व्हेक्टरची लांबी इथे गौण आहे. (−१, १) ऐवजी (१, −१) किंवा (−७, ७) घेतला तरी A हीच येते. मात्र दोन्ही बाण एकाच रेषेवर असतील, समजा (२, १) आणि (४, २), तर डिटर्मिनंट शून्य होतो आणि इन्व्हर्सच उरत नाही. एकच रेषा पाचपट आणि दुप्पट एकदम कशी होणार? तशी मॅट्रिक्स नसतेच.

[दृश्य: तीन मॅट्रिक्स शेजारी शेजारी.]

```
[ ४  −२ ]   [ ४  −१ ]   [  ३  −२ ]
[ −१  ३ ]   [ −२  ३ ]   [ −१   ४ ]
```

ही तीन उत्तरं चुकीची आहेत. पहिल्यात व्हेक्टर उभे न लिहिता आडवे लिहिले गेले. दुसऱ्यात P आणि P इन्व्हर्स यांच्या जागा बदलल्या. तिसऱ्यात ५ आणि २ ची अदलाबदल झाली. आता नेहमीचा ताळा करून पाहू: कर्णाची बेरीज, म्हणजे ट्रेस, ५ + २ = ७ हवी. तिन्हींत ७ आहे. डिटर्मिनंट १० हवा. तिन्हींत १० आहे!

कारण असं, की ट्रेस आणि डिटर्मिनंट फक्त D वरून ठरतात. बाण कुठे होते याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून ताळा व्हेक्टरनेच करायचा. (२, १) ला खऱ्या A ने गुणलं की (१०, ५) येतं. पहिली चुकीची मॅट्रिक्स देते (६, १), दुसरी (७, −१). तिसरी देते (४, २): दिशा बरोबर, पट चुकली. अर्धं मिनिट लागतं.

चिन्हाची चूक, म्हणजे ३ ऐवजी −३ ने भागणं, ट्रेसमध्ये लगेच दिसते: −७ येतो. डिटर्मिनंट मात्र तेव्हाही १० च.

[दृश्य: कॉम्प्युटरचा पडदा.]

सॉफ्टवेअर बहुधा व्हेक्टरची लांबी १ करून देतं. (२, १) च्या जागी ०.८९४ आणि ०.४४७ दिसले, तरी गुणोत्तर २:१ च आहे. पण तेच आकडे ०.८९ आणि ०.४५ असे तोडून कागदावर उतरवले, तर बाण किंचित वळतो. दुसरा व्हेक्टर तोच ठेवून गणित केलं, की ४ च्या जागी ३.९९२५ येतो, १ च्या जागी १.००७५. ट्रेस तरीही नेमका ७, डिटर्मिनंट नेमका १०.