परदेशात पासपोर्ट गेला तर: घरी परतायचं की थांबायचं?

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बरेच जण येत्या महिन्या-दोन महिन्यांत युरोपला निघाले आहात. म्हणून आज आपण एकच प्रसंग घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. नाशिकचं एक जोडपं आहे असं समजा. ग्रुप टूरने रोमला पोहोचलेत. शुक्रवारी संध्याकाळी तेर्मिनी स्टेशनच्या मेट्रोत काकूंची पर्स गेली आणि पर्समध्ये त्यांचा पासपोर्ट होता. काकांचा पासपोर्ट त्यांच्या खिशात सुखरूप आहे. ग्रुप दुसऱ्या दिवशी सकाळी स्वित्झर्लंडला निघणार, आणि परतीचं विमान झुरिकहून आहे.

पोलिसांकडे जाण्याआधी हॉटेलला एक फोन करा. इटलीत प्रत्येक पाहुण्याच्या कागदपत्रांचे तपशील हॉटेलवाल्यांना पोलिसांना कळवावेच लागतात. त्यामुळे चेक-इनच्या वेळी पासपोर्ट रिसेप्शनवर घेतात आणि कधी कधी तो तिथेच राहून जातो. ही खात्री आधी करायची, कारण हरवल्याची नोंद एकदा झाली की ती सहज मागे घेता येत नाही. तुमच्या पासपोर्टचा क्रमांक रद्द होतो आणि इंटरपोलच्या हरवलेल्या व चोरीच्या प्रवासी कागदपत्रांच्या यादीतही जाऊ शकतो. पुढे तोच पासपोर्ट सोफ्याखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करू नका. विमानतळावर तुम्हालाच बाजूला घेतील. याच फोनवर आणखी एक काम होतं. काकूंना पासपोर्टचा क्रमांक आठवत नसेल तर तो हॉटेलच्या नोंदीत मिळतो. ज्या एजंटकडून व्हिसा काढला, त्याच्याकडेही पासपोर्टचं स्कॅन असतंच.

आता पोलीस. इटलीत पोलीस स्टेशनवर किंवा काराबिनिएरी म्हणतात त्या दलाच्या चौकीत तक्रार देता येते. तिथे तिला देनुंचा म्हणतात. तक्रार देताना एक गोष्ट नेमकी सांगा: पासपोर्ट चोरीला गेला की हरवला? पर्स खांद्यावरून ओढून नेली असेल तर ती चोरी. केव्हा गेली ते कळलंच नसेल तर उगाच चोरी म्हणू नका, जे घडलं तेच लिहून द्या. पुढे दूतावास, विमा कंपनी आणि भारतातलं पासपोर्ट ऑफिस हे तिघंही हाच कागद वाचणार आहेत, आणि तुमच्या अर्जातली हकीकत त्याच्याशी जुळायला हवी. कागद हातात आला की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तपासा. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. इटालियन हवालदाराला ते कळत नाही, आणि आडनावाच्या जागी भलतंच काही टाइप होतं. ती चूक तिथेच दुरुस्त करून घ्या. शिक्का आणि सही पाहा. चार झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. बहुतेक प्रवास विम्यांना ही तक्रार लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत केलेली लागते. म्हणून टूर मॅनेजर "उद्या बघू" म्हणाला तरी ऐकू नका.

इथवर धावपळ झाली. यापुढे विचार करून निर्णय घ्यायचा आहे. भारतीय दूतावासाकडून काकूंना दोन प्रकारची मदत मिळू शकते: इमर्जन्सी सर्टिफिकेट किंवा नवा पासपोर्ट. लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे तात्पुरता पासपोर्ट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात त्याचा उल्लेख भारतात प्रवेश करण्याची परवानगी देणारा कागद असा आहे. म्हणजे त्याने एकदाच, एकाच दिशेने, घरी यायचं. त्यावर स्वित्झर्लंडची सहल पूर्ण करता येत नाही. ते मागितलं की काकूंची ट्रिप तिथे संपली, हे आधीच मान्य करून टाका. नवा पासपोर्ट मिळाला तर तो सर्वत्र चालतो, पण त्यासाठी भारतातल्या नोंदींची पडताळणी व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो. किती, हे कोणीच तुम्हाला खात्रीने सांगू शकणार नाही. तिकडे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांनी नवा पासपोर्टच मागावा, कारण त्यांना तिथेच राहायचं आहे. दहा दिवसांच्या पर्यटकाने मात्र व्हिसाची शेवटची तारीख आधी पाहावी. पासपोर्टची वाट पाहता पाहता व्हिसा संपला, तर एका अडचणीच्या दोन होतात.

काकूंसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेटच योग्य. शुक्रवारची संध्याकाळ आहे, दूतावास बहुधा सोमवारी उघडेल. आपले दूतावास भारतातल्या काही सुट्ट्याही पाळतात, तेव्हा संकेतस्थळावर सुट्ट्यांची यादी बघा. तिथेच तातडीचा फोन क्रमांकही असतो, त्यावर लगेच कळवून ठेवा. तुम्ही कोणत्या कार्यालयाकडे जायचं हेही विचारा. रोममध्ये दूतावास आहे आणि मिलानला वाणिज्य दूतावास. हीच चोरी व्हेनिसमध्ये झाली असती, तर मिलानला जावं लागलं असतं.

शनिवार-रविवारात कागद जमवायचे: पोलीस तक्रार, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, पासपोर्ट कसा गेला याचं निवेदन आणि फोटो. फोटोचा आकार संकेतस्थळावर वाचून मगच काढा, कारण स्टेशनवरच्या यंत्रातला फोटो चालेलच असं नाही. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो. लोक निघताना पहिल्या पानाचाच फोटो काढून ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आधार कार्डाची प्रत सोबत असावी, पण ते ओळख पटवतं, नागरिकत्व सिद्ध करत नाही.

परतीचं तिकीटही याच दोन दिवसांत बदलायला घ्या. झुरिकचा नाद सोडून रोमहूनच निघणं सोपं. विमान शक्यतो थेट भारताचं, किंवा मध्ये एकच थांबा असलेलं. तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला स्पष्ट विचारा: इमर्जन्सी सर्टिफिकेटवर प्रवासी घ्याल का, आणि मधल्या विमानतळावर अडचण येईल का? हे चेक-इन काउंटरवर कळलं तर तिकीट वाया जातं.

दुसरी अडचण अशी की दूतावासाचा कागद भारतात शिरण्यापुरता. ज्या देशात आहात तिथून बाहेर पडू द्यायचं की नाही, हे तो देश ठरवतो. काकूंचा व्हिसा तर चोरीला गेलेल्या पासपोर्टवर होता. शेंगेन व्हिसाच्या नोंदी संगणकावर असतात, त्यामुळे व्हिसाची प्रत आणि पोलीस तक्रार दाखवल्यावर अधिकारी पडताळून पाहू शकतात. तरी विमानतळावर नेहमीपेक्षा बराच आधी पोहोचा. हीच घटना व्हिएतनाममध्ये घडली, तर दूतावासाचा कागद मिळाल्यावर तिथल्या इमिग्रेशन विभागाकडून देश सोडण्याचा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याला काही दिवस जातात. त्यामुळे दूतावासात पहिला प्रश्न हाच विचारा: इथून बाहेर पडायला आणखी काही परवानगी लागते का?

काकांनी काय करायचं? त्यांचा पासपोर्ट शाबूत आहे, ते ग्रुपबरोबर जाऊ शकतात. पण काकूंच्या हातात ना पैसे, ना कार्ड, ना फोन. त्यांना अनोळखी शहरात एकट्या ठेवू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन. हॉटेल, टॅक्सी, फोटो, अर्जाची फी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. त्यातलं विमा कंपनी किती देईल ते पॉलिसीवर अवलंबून, पण पावतीशिवाय काहीच मिळणार नाही.

भारतात उतरल्यावर इमर्जन्सी सर्टिफिकेटचं काम संपतं. इमिग्रेशनवर ते घेतलं जाऊ शकतं, म्हणून त्याचीही प्रत आधी काढून ठेवा. नव्या पासपोर्टच्या अर्जात जुना हरवल्याचं आणि त्यानंतर इमर्जन्सी सर्टिफिकेट घेतल्याचं लपवू नका. आणि त्या जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल, तर तो पासपोर्टबरोबरच गेला असं धरा. अमेरिकन वकिलातीला कळवा, नव्याने अर्ज करा. मुलीकडे जायची तिकिटं काढण्यापूर्वी हे करायचं, नंतर नाही.