तोंड ओळखीचं, पण कुठलं?

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मिरकरवाड्याच्या बंदरावर जिच्याकडून आपण नेहमी बांगडे घेतो, ती बाई एखाद्या दिवशी चिपळूणच्या एसटीत समोरच्या बाकावर दिसते. पाटी नाही, कोयती नाही, साडी घडीची. हिला आपण पाहिलंय याची शंभर टक्के खात्री असते, पण कुठे ते सुचत नाही. हातखंबा मागे पडतो आणि एकदम बंदर, ओला ओटा, तिचा आवाज, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी 1980 साली बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं उदाहरण देऊन हाच अनुभव मांडला होता.

या प्रवासात दोन गोष्टी घडल्या. आधी नुसती ओळखीची जाणीव झाली आणि नंतर प्रसंगासकट आठवण आली. आजचा प्रश्न असा, की ही एकाच स्मृतीची फिकी आणि गडद रूपं आहेत, की मेंदूत खरोखर दोन वेगळी कामं चालतात?

मोजायचं कसं, इथून सुरुवात करू. माणसाला 60 शब्द दाखवायचे: होडी, चिरा, सोलकढी, कंदील असे. थोड्या वेळाने त्यांत 60 नवे मिसळून 120 शब्द एकेक करून दाखवायचे. शब्द मघाशी पाहिलेला वाटला, तर पुढे विचारायचं: पाहिला त्या क्षणाचं काही आठवतं, की नुसता ओळखीचा वाटतो? ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी 1985 साली मांडली. त्यांचा दुसरा पर्याय इंग्रजीत ‘know’ असा आहे. त्याचं मराठीत ‘माहीत आहे’ असं शब्दशः भाषांतर केलं तर चाचणी फसते, कारण ‘होडी’ हा शब्द सगळ्यांनाच माहीत असतो. म्हणून ‘ओळखीचा वाटतो’ असंच म्हणावं. दुसरी चूक अशी, की लोक ‘आठवतं’चा अर्थ ‘खात्री आहे’ असा घेतात. हे पकडायला सरावाच्या शब्दांवर प्रत्येक ‘आठवतं’नंतर ‘काय आठवतं?’ असं विचारावं. ‘होडीनंतर लगेच चिरा आला तेव्हा मला हर्णैचा धक्का दिसला’ हे आठवणं. ‘होता हो, नक्की होता’ ही फक्त खात्री.

आता आकडे पाहू. हे समजावण्यापुरते मी घेतले आहेत. निरोगी माणसाने 60 जुन्या शब्दांपैकी 30 ना ‘आठवतं’ म्हटलं आणि 15 ना ‘ओळखीचा’. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाने 6 ना ‘आठवतं’ म्हटलं आणि 27 ना ‘ओळखीचा’. वरवर पाहता रुग्णाची ओळखीची जाणीव जवळजवळ दुप्पट वाटते. तसं नाही. जो शब्द आठवला, त्याबद्दल ‘ओळखीचा’ म्हणायची संधीच उरत नाही. निरोग्यापाशी अशी संधी 30 शब्दांची होती, त्यांतले 15, म्हणजे 0.5. रुग्णापाशी 54 ची होती, त्यांतले 27, म्हणजे तेही 0.5. ओळखीची जाणीव सारखीच आहे, कोसळलं आहे ते आठवणं. दोन्ही कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे गृहीत धरलं तरच हा भागाकार चालतो.

इथेच थांबून चालत नाही. कधीच न दाखवलेल्या 60 शब्दांना कोण काय म्हणालं, तेही बघावं लागतं. कुणीही नव्या शब्दाला ‘आठवतं’ म्हटलं नाही असं धरू. निरोग्याने 6 नव्या शब्दांना ‘ओळखीचा’ म्हटलं, म्हणजे 0.1. ते वजा करून त्याची जाणीव 0.4 उरते. पण रुग्णाने 18 ना म्हटलं असेल, तर 0.3 वजा होऊन 0.2 च उरते. मग त्याची ओळखही बिघडली आहे, तो सढळ हाताने ‘ओळखीचा’ म्हणतोय इतकंच. हा एक आकडा न पाहता काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही.

आता रुग्णांकडे वळू. 1997 साली फरानेह वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी तीन मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. लहानपणीच प्राणवायूच्या कमतरतेसारख्या कारणांनी त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेल्या प्रसंगांची आठवण ठेवायला लागणारा मेंदूतला भाग, दोन्ही बाजूंनी आक्रसला होता. त्यांतल्या जॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलात तो साधारण निम्म्यावर आला होता. दिवसभरात काय घडलं हे या मुलांना सांगता येत नसे, वस्तू कुठे ठेवली हेही राहत नसे. तरी ती सर्वसाधारण शाळेत शिकली, लिहायला-वाचायला शिकली. जॉनची ओळखण्याची परीक्षा पुष्कळशी चांगली यायची. पुढे त्याच्या मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या. निरोगी माणसात ओळखीशी जोडलेली लहर शब्द दिसल्यावर 300 ते 500 मिलिसेकंदांत कपाळाच्या बाजूला उमटते आणि आठवण्याशी जोडलेली 500 ते 800 च्या सुमारास, डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात. जॉनमध्ये पहिली होती, दुसरी नव्हती.

एवढ्याने सिद्ध काय होतं? कुणी म्हणेल, आठवणं हे अवघड काम आहे, अशक्त स्मृतीत आधी तेच जाणार. हा आक्षेप खोडायला उलटा रुग्ण हवा. तो 2007 साली समोर आला. एनबी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाच्या अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या कानालगतच्या, डाव्या टेम्पोरल भागाचा पुढचा तुकडा काढावा लागला. त्यात हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या पेरिराइनल कॉर्टेक्सचा मोठा भाग गेला, हिप्पोकॅम्पस शाबूत राहिला. शब्दांच्या चाचण्यांत तिचं आठवणं ठीक होतं, ओळखीची जाणीव मात्र कमी भरली. सोपं काम गेलं आणि अवघड उरलं. एकच स्मृती कमी-जास्त होते एवढ्यावर हे समजावता येत नाही. तरीही हा एकच रुग्ण आहे, हे विसरू नये. शिवाय लॅरी स्क्वायर आणि जॉन विक्स्टेड या संशोधकांच्या गटाचं म्हणणं असं, की हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या त्यांच्या रुग्णांत दोन्ही गोष्टी बिघडतात. इजा आजूबाजूला किती पसरली आणि कोणत्या वयात झाली, यावर बराच वाद फिरतो.

मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो हे चुंबकीय क्षेत्राने टिपणाऱ्या स्कॅनरच्या अभ्यासांतही, आठवणं म्हणजे नुसती जास्त बळकट स्मृती तर नाही ना, ही शंका आडवी येते. 2000 साली एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांना ‘आठवतं’ म्हणताना हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढलेली दिसली, ‘ओळखीचा’ म्हणताना नाही. पण ‘आठवतं’ ही उत्तरं बहुधा जास्त खात्रीचीही असतात. मग हिप्पोकॅम्पस आठवण दाखवतोय की खात्री? 2005 साली योनेलिनस आणि सहकाऱ्यांनी ‘आठवतं’ची तुलना ‘आठवत नाही, पण पूर्ण खात्रीने जुना’ या उत्तरांशी केली. खात्री सारखी ठेवूनही हिप्पोकॅम्पस आठवण्यालाच वेगळा प्रतिसाद देत होता. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यांत उपयोगी तुलना आहे, कारण आक्षेप जिथे बोट ठेवतो तिथेच ती मोजते.

पेरिराइनलचं वाचन मात्र जपून करावं. शब्द जितका ओळखीचा, तितकी तिथली हालचाल बहुधा कमी होते. म्हणजे फक्त वाढ शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडणार नाही. दुसरं, हा भाग टेम्पोरलच्या खालच्या अंगाला आहे. जवळच्या कानाच्या हाडातल्या आणि सायनसमधल्या हवेमुळे तिथलं स्कॅनरचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि संकेत गळतो. ‘पेरिराइनलमध्ये फरक आढळला नाही’ असं वाचलंत, की आधी त्या अभ्यासातली कच्ची सरासरी प्रतिमा शोधा. त्या जागी काळं भोक असेल, तर तिथे काही मोजलंच गेलेलं नाही.