पाच स्वर, दोन राग

(दृश्य: मिरज, तंबोऱ्याचा कारखाना, घोडीवर काम करणारे हात)

मिरजेतल्या या कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढण्याचे काम चालू आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने अगदी हलका घासायचा, तार चढवायची, छेडून ऐकायची, समाधान झाले नाही तर पुन्हा उतरवून घासायची, असा हा क्रम कारागिराच्या कानाची खात्री होईपर्यंत चालतो. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला जातो आणि तो नेमक्या जागी आला की आवळलेला नाद एकदम खुलतो. आता खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावे. तार षड्जाची आहे, तरीही तिच्यातून कोणीही न मिळवलेला गांधार निघतो आहे. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि चांगल्या जवारीची पारख करताना जाणकार तो आधी शोधतात. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

(दृश्य: गाण्याचा वर्ग, हार्मोनिअमवरील बोटे)

येथे विद्यार्थिनी सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर हार्मोनिअमवर खालून वर आणि वरून खाली वाजवत आहे. मध्यम आणि निषाद तिने सोडलेले आहेत. प्रत्येक स्वराला तिने सारखाच वेळ दिला आहे, आणि कोणत्या स्वरावर थांबायचे हे अद्याप ठरलेले नाही. ही झाली स्वरांची ओळ, म्हणजेच स्केल. हिला अजून राग म्हणता येत नाही, कारण याच पाच शुद्ध स्वरांत संध्याकाळनंतर गायला जाणारा भूप आहे आणि सकाळी गायला जाणारा देशकारही आहे.

(दृश्य: गुरुजी तंबोऱ्यावर भूप गातात)

भूपाचे वजन गांधारावर असते. गुरुजी षड्जावरून मंद्र धैवताला स्पर्श करून परत येतात, रिषभावरून गांधारावर पोचतात आणि तेथे स्थिरावतात. पंचमावर गेले तरी मींडेने घसरत पुन्हा गांधारावरच उतरतात. धैवत येतो, पण त्याच्यावर मुक्काम होत नाही. सगळा विस्तार प्रामुख्याने सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, सावकाश उलगडत जातो. तंबोऱ्यातला तो स्वयंभू गांधार आणि गळ्यातला गांधार एकमेकांत मिसळले की वर्गातली कुजबुज आपोआप थांबते. हार्मोनिअमचा गांधार या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून केवळ पेटीवर कान तयार झालेल्या विद्यार्थ्याला ही जागा सापडायला वेळ लागतो. पेटीवर आमचा राग नाही, पण भूप शिकवण्याची सुरुवात तंबोऱ्यावर व्हावी, असे आम्हांला वाटते.

आता देशकार. स्वर तेच आहेत, परंतु गुरुजी षड्जावरून फार वेळ न दवडता थेट वर जातात आणि धैवतावर जोर देतात. पंचमावर थांबतात, ‘ग प ध, प’ असे वळण घेतात आणि बराच वेळ वरच्या, म्हणजे तार सप्तकातल्या षड्जाच्या आसपास राहतात. आरोहात रिषभ बहुधा गाळला जातो आणि अवरोहातही तो खाली उतरताना ओझरता लागतो. ज्या रिषभावरून भूप गांधाराकडे चढतो, त्याला येथे फारसे काम उरलेले नाही.

(दृश्य: विद्यार्थिनी गाते, गुरुजी हाताने थांबवतात)

विद्यार्थिनी भूप गात आहे. तिचा एकही स्वर चुकलेला नाही, तरीही गुरुजींनी तिला थांबवले, कारण ती धैवतावर रेंगाळली आणि तेथून पंचमावर उतरून थांबली, म्हणजे तिने क्षणभर देशकाराची वाट धरली. असे दोन-तीनदा झाले की जाणकार श्रोत्याला राग डळमळल्याचे कळते. पेटीवरच्या पट्ट्या मोजून ही चूक पकडता येत नाही. स्वर किती वेळ टिकला, कोठून आला आणि कोणाकडे गेला, हे ऐकावे लागते.

पंडित भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी दहा थाटांची, म्हणजे सात-सात स्वरांच्या दहा चौकटींची मांडणी केली, तीत भूप कल्याण थाटात येतो आणि देशकार बिलावल थाटात. हे दोन थाट वेगळे ठरतात ते मध्यमामुळे, कल्याणात तीव्र आणि बिलावलात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही. तेव्हा वर्गीकरण करताना समोरच्या पाच स्वरांबरोबर रागाची चाल आणि त्याचे सगेसोयरेही पाहिले गेले.

(दृश्य: खुंटी पिळून पहिली तार पुन्हा मिळवली जाते)

भूप संपल्यावर गुरुजी मारवा घेणार आहेत, म्हणून पंचमात मिळवलेली पहिली तार ते निषादात लावत आहेत. मारव्यात पंचम वर्ज्य आहे, आणि तो मागे सतत वाजत राहिला तर मारव्याचे कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत उभेच राहत नाहीत.