आत्याचं डेअरीचं पुस्तक आणि पंधरा दिवस

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, तासगाव, विटा, कडेगाव, जिथं कुठं ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय ऑफिसातल्या त्या फलकाबद्दल ज्याच्यावर नागरिकांची सनद असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोणतं काम, किती दिवसांत, कुणी करायचं, आणि नाही झालं तर कुणाकडं जायचं. तुम्ही तो बघितलाय, मला माहितीय. पण वाचलाय का?

फार खोलात न जाता एवढंच सांगतो. आपल्याकडं 2005 च्या कायद्यानं, तोच तो बदल्या आणि दिरंगाईचा कायदा, प्रत्येक ऑफिसला सनद लावायला सांगितलं. पण मुदत चुकली म्हणून साध्या माणसाला दाद मागायला वाट हवी होती, ती मिळाली 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं. या कायद्यात यादीतल्या सेवेची मुदत ठरलेली असते, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, त्याच्यावर पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्याच्या लोकसेवा हक्क आयोगाकडं. कारण नसताना सेवा दिली नाही तर पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. एवढं झालं, आता मला माझ्या आत्याची गोष्ट सांगू द्या, कारण सगळा कायदा त्या गोष्टीतच आहे.

माझी आत्या दोन म्हशी सांभाळते. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालते आणि पावती घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. चार लिटर दोनशे, फॅट सहा पॉइंट आठ, सगळं पुस्तकात. एकदा फॅट सहा पॉइंट चार लागला तर मापवाल्याला म्हणाली, "आरं बाबा, म्हस तीच, वैरण तीच, फॅट कसा उतरला? परत लाव." आणि परत लावायला लावला. इतकी पक्की बाई.

तिच्या नातवाला शिष्यवृत्तीच्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. 3 जूनला मी तिला घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. पाऊस होता, खिडकीपुढं गर्दी, आतल्या माणसानं कागद घेतले, वरचा कागद बघितला आणि म्हणाला, "ठेवा, बुधवारी या." आत्यानं ठेवले. पोच मागितली नाही. मंडळी, दुधाच्या फॅटला भांडणारी बाई, आणि इथं पोच मागितली नाही, कारण सायबाला कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं असं तिला वाटलं. मी शेजारी उभा होतो आणि मलाही सुचलं नाही, याची मला आजही टोचणी आहे.

मग बुधवार, मग पुढचा सोमवार, मग "साहेब मीटिंगला गेलेत", मग "नेट नाही". एकेक फेरी म्हणजे एक दिवस, म्हशीचं धार काढायचं वेळापत्रक सगळं विस्कटतं, आणि दुपारची एसटी चुकली तर संध्याकाळचं दूध जातं. चार फेऱ्या झाल्या. 1 जुलैला खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "या नावाचा अर्जच दिसत नाही." फॉर्मची शेवटची तारीख 20 जुलै.

आता इथं कान द्या. पंधरा दिवसांची मुदत फलकावर लिहिलेली होती, पण ती कुठल्या तारखेपासून मोजायची हे दाखवायला आमच्याकडं काही नव्हतं. घड्याळ पोचेवर चालतं. परत सांगतो, घड्याळ पोचेवर चालतं. कायद्यानं अर्जाची पोच द्यावीच लागते, तिच्यावर अर्जाचा नंबर, तारीख आणि मुदत पाहिजे. "ठेवा, या" म्हणून घेतलेल्या कागदाला मुदतच लागत नाही, सगळी दिरंगाई तिथंच लपते.

2 जुलैला आम्ही सेवा केंद्रातून आपले सरकारवर नवा अर्ज भरला. पोच छापून घेतली, नंबर, तारीख, आणि शेवटचा दिवस 17 जुलै. आत्यानं ती घडी घालून डेअरीच्या पुस्तकात ठेवली.

चौदाव्या दिवशी फोन आला, "एक कागद कमी आहे, नवीन अर्ज करा." हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. नवीन अर्ज म्हणजे नवीन पंधरा दिवस, म्हणजे 20 तारीख गेली. मी विचारलं, कुठला कागद? रहिवासाचा, म्हणे. तो तर जोडला होता, पोचेवर जोडलेल्या कागदांत त्याचं नाव होतं. मी म्हटलं, "साहेब, अर्ज नाकारत असाल तर कारणासकट लेखी द्या." कारण नकारसुद्धा लेखीच द्यावा लागतो, तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. लेखी काही आलं नाही. 17 तारीख उलटली.

18 ला सकाळी मी अपील लिहिलं, एका पानाचं. अर्ज क्रमांक अमुक, तारीख अमुक, मुदत 17 जुलैला संपली, सेवा मिळाली नाही, लेखी कारण मिळालं नाही, म्हणून हे पहिलं अपील. फलकावर अपील अधिकाऱ्याचं जे पद लिहिलं होतं तेच वर घातलं. (जाता जाता सांगतो, शाळेत पोरांना अर्ज लिहायला मन लावून शिकवलं पाहिजे, हल्ली निबंध पाठ असतो पण स्वतःचं म्हणणं चार ओळीत मांडता येत नाही, मला याचं फार वाईट वाटतं.) दोन प्रती केल्या, बारनिशीत एक दिली, दुसरीवर आवक शिक्का आणि नंबर मारून घेतला. शिक्का मारताना आत्या कठड्यावर हात ठेवून बघत उभी होती, मापावर फॅट बघते तशी.

19 ला संध्याकाळी दाखला आला. नातवाचा फॉर्म वेळेत गेला.

पण यावरून अपील केलं की दुसऱ्या दिवशी काम होतं असं समजू नका. पहिल्या अपीलाच्या निर्णयाला अधिकाऱ्याला तीस दिवस आहेत. आमचं काम झालं ते सुनावणी लागायच्या आधी, फाईल कुणीतरी उघडून बघितली म्हणून. तेव्हा जूनमध्ये लागणारा दाखला एप्रिलमध्येच काढा. आणि तुमच्याकडूनही मुदत आहे, दिवस संपल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करायचं. दंडाची रक्कम तुम्हाला मिळत नाही, ती अधिकाऱ्याकडून वसूल होते. आत्यानं दंडाचा आग्रह धरला नाही. मला वाटतं धरायला पाहिजे होता, कारण एकदा पगारातून पाचशे गेले की पुढच्या आत्याला पोच न मागता मिळते.

आणखी एक. हा कायदा फक्त यादीतल्या सेवांना लागतो. गटारीचं पाणी, रस्त्यावरचा खड्डा, असल्या तक्रारीला लोकशाही दिन आहे, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, अर्ज आधी द्यावा लागतो. तिथंही तेच, नंबर घ्या.

परवा आत्याकडं गेलो होतो. पुस्तक उघडून तिनं आधी सकाळचं दूध दाखवलं, मग त्याच पानात ठेवलेली ती शिक्क्याची प्रत. म्हणाली, "शेजारच्या सुनंचा दाखला राह्यलाय, हे दावायला तिला घेऊन जाते उद्या." मी म्हटलं, येऊ का? म्हणाली, "तू कशाला? मला ठावं हाय आता."

नमस्कार मंडळी.