ऑक्सिजन किती लागतोय, आणि आज कितवा दिवस?

कोविड न्यूमोनियाचा पेशंट समोर आला की जाणते डॉक्टर दोन प्रश्न आधी विचारतात. ताप किती हे नाही, सीटी स्कॅनचा स्कोअर किती हेही नाही. पहिला प्रश्न, खोलीतल्या साध्या हवेवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, किती टक्के आहे, आणि दुसरा, लक्षणं सुरू होऊन आज कितवा दिवस. अँटीव्हायरल, स्टिरॉइड, अँटिबायोटिक, यातलं काय द्यायचं आणि काय हातात असूनही द्यायचं नाही, ते बरंचसं या दोन उत्तरांवर ठरतं. कसं ते एका पेशंटवरून बघूया. हा पेशंट खरा नाही, पण त्याच्यासारखे असंख्य पेशंट वॉर्डात येऊन गेलेत.

वय 58, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. पहिल्या दिवशी अंगदुखी आणि कोरडा खोकला, दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी टेस्ट पॉझिटिव्ह. सॅच्युरेशन 97, दम नाही, म्हणजे आजार सौम्य. आणि इथेच पहिली गडबड होते, कारण सौम्य म्हटलं की माणूस निवांत होतो. खरं तर अँटीव्हायरल औषधाची वेळ हीच असते. व्हायरस सगळ्यात जोरात वाढतो तो या पहिल्या आठवड्यात. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरच्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून 5 दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि रेमडेसिव्हिरचा तीन दिवसांचा छोटा कोर्स 7 दिवसांच्या आत. ज्यांना आजार बळावायचा धोका जास्त, म्हणजे वय झालेलं, डायबेटिस असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, त्यांना याचा खरा फायदा. फक्त रिटोनाव्हिर बाकीच्या बऱ्याच औषधांशी भांडतं, कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करायच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या, त्यामुळे आधी पेशंटची सगळी औषधांची यादी बघायची आणि मगच लिहून द्यायचं. आपल्या पेशंटने "साधा ताप तर आहे" म्हणून ते दिवस तसेच घालवले.

मग स्टिरॉइड तरी तेव्हाच सुरू करायचं होतं का? नाही. हे नीट समजून घ्यायला हवं. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी ट्रायल झाली, त्यात डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त 10 दिवस असं दिलं. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 41 टक्क्यांवरून 29 वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये 26 वरून 23 वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? तिथे स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये मृत्यू 17.8 टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये 14. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, नुकसान ठामपणे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, पण फायद्याचं चिन्ह कुठेच नव्हतं. कारणही सरळ आहे. पहिल्या आठवड्यात शरीर व्हायरसशी लढत असतं आणि स्टिरॉइड त्या लढणाऱ्या पेशींनाच गप्प करतं. दुसऱ्या आठवड्यात व्हायरस मागे पडतो पण फुफ्फुसातली सूज आटोक्यात येत नाही, तीच हवेच्या पिशव्यांची भिंत खराब करते, आणि तिथे मात्र तेच औषध जीव वाचवतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी, सॅच्युरेशन 97 असताना, खबरदारी म्हणून स्टिरॉइड सुरू करणं ही खबरदारी नाहीच.

सहावा दिवस. ताप आहे, बसल्या जागी सॅच्युरेशन 95, आणि पेशंट म्हणतो मला काही त्रास नाही. घरातल्या कोणीतरी त्याला खोलीत चाळीसेक पावलं चालवलं आणि परत मोजलं तर 90. नुसतं चालून 3 अंक किंवा जास्त उतरले तर फुफ्फुसाला आत काहीतरी झालंय असं समजायचं, बसल्यावरचा आकडा कितीही चांगला दिसत असला तरी. कोविडमध्ये हे फार दिसतं, ऑक्सिजन घसरलेला असतो पण माणूस फोनवर गप्पा मारत असतो, कारण दम लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते आणि तो सुरुवातीला नीट बाहेर पडत असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजताना बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. आणखी एक, सावळ्या-काळ्या त्वचेवर ही मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून 93-94 काठावर असेल आणि माणूस बरा दिसत नसेल तर आकड्यावर विसंबू नये.

सातव्या दिवशी तो दाखल झाला. सॅच्युरेशन साध्या हवेवर 91, श्वास मिनिटाला 26, एक्स-रेवर दोन्ही बाजूंना कडेकडेने धूसर पॅच. मग याची ग्रेड काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने न्यूमोनिया आहे पण सॅच्युरेशन 90 किंवा वर असेल तर मध्यम, 90 च्या खाली गेलं, श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला किंवा श्वास घ्यायला खूपच त्रास होत असेल तर गंभीर, आणि एआरडीएस म्हणजे सूज येऊन फुफ्फुसं निकामी होणं, सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनने अवयव बिघडणं, किंवा शॉक असेल तर अतिगंभीर. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने मात्र गंभीरची रेषा 94 वर ओढली होती, म्हणजे हाच पेशंट एका कागदावर मध्यम आणि दुसऱ्यावर गंभीर. त्या वादात मी पडणार नाही. याला ऑक्सिजन लागतोय, आणि उपचार ठरायला एवढं बस आहे.

नाकातल्या नळीने 3 लिटरवर तो 94 ला आला. टार्गेट 92 ते 96 ठेवायचं, 100 करायच्या मागे लागायचं नाही, सीओपीडी हा श्वासनळ्यांचा जुनाट आजार असेल तर त्याहून खाली, 88 ते 92. नळीतून साधारण प्रत्येक लिटरला 4 टक्के ऑक्सिजन वाढतो असा ढोबळ हिशोब, साध्या हवेत 21 असतो, म्हणजे याला 33 टक्क्यांच्या आसपास मिळतोय. डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम आता सुरू झालं. सोबत रेमडेसिव्हिर, पहिल्या दिवशी 200 मिलिग्रॅम आणि मग रोज 100, एकूण पाच दिवस. कमी ऑक्सिजनवर असताना ते दिलं तर बरं व्हायचे दिवस कमी होतात, एका मोठ्या ट्रायलमध्ये 15 चे 10 झाले होते, पण व्हेंटिलेटरवर गेल्यावर त्यातून फारसं हाती लागत नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन. आणि अँटिबायोटिक? दिलं नाही. दाखल होतानाच बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असणारे पेशंट शंभरात मोजकेच असतात, तरी पहिल्या लाटेत बहुतेकांना अँटिबायोटिक दिली गेली आणि त्याची किंमत पुढे रेझिस्टंट जंतूंच्या रूपात मोजावी लागते.

स्टिरॉइडने शुगर 300 च्या वर गेली आणि इन्सुलिन सुरू करावं लागलं, हे अपेक्षितच होतं. नवव्या दिवशी ऑक्सिजनची गरज वाढली. आधी नळी, मग पिशवीचा नॉन-रिब्रीदर मास्क 15 लिटरवर, आणि मग हाय फ्लो, म्हणजे नाकातून गरम-ओलसर ऑक्सिजन जोरात सोडणारं मशीन, 50 लिटर, ऑक्सिजन 60 टक्के. त्यावर सॅच्युरेशन 93, श्वास 28. इथे एक सोपं गणित वापरतात, रॉक्स इंडेक्स. 93 ला 0.60 ने भागा, 155 येतात, त्याला श्वासाच्या 28 ने भागा, साडेपाच. हाय फ्लो लावल्यावर दोन, सहा आणि बारा तासांनी हा आकडा 4.88 किंवा वर असेल तर हाय फ्लोवरच निभावण्याची शक्यता बरी, खाली सरकत गेला तर व्हेंटिलेटरचा निर्णय उशिरा घेऊ नये. जागं असताना पालथं झोपवलं, जमेल तितके तास, आणि बाराव्या दिवशी ऑक्सिजन 35 टक्क्यांवर आला. ताप गेलेला, माणूस जेवायला लागला. सगळ्यांना वाटलं सुटलो.

पंधराव्या दिवशी परत ताप, 101. खोकला आता कोरडा राहिला नाही, पिवळट-हिरवा घट्ट बेडका पडायला लागला, पल्स 118, आणि ऑक्सिजन परत 60 टक्क्यांवर. हा प्रकार ओळखता यायला हवा: आधी सुधारणा, मग परत घसरण. कोविडची सूज सहसा एका वळणाने चढते आणि हळूहळू उतरते, उतरल्यावर पुन्हा एकदम चढली तर नवीन काहीतरी घडलंय असंच धरायचं. बॅक्टेरिया हे एक कारण. फुफ्फुसात गुठळी गेली तर दम अचानक लागतो, बऱ्याचदा बेडक्यातला बदल नसतो. फुफ्फुसाबाहेर हवा साठली तर एक बाजू ऐकूच येत नाही. म्हणून आधी एक्स-रे. यात उजव्या खालच्या भागात नवीन घट्ट पॅच होता जो आधीच्या फिल्ममध्ये नव्हता, आणि कडेचे जुने पॅच उलट फिके पडलेले.

आता रक्ताच्या रिपोर्टवर फसायला होतं. पांढऱ्या पेशी 17,000, पण स्टिरॉइडनेच त्या वाढतात, त्यामुळे नुसत्या त्या आकड्याला अर्थ नाही, त्यात कच्च्या न्यूट्रोफिल म्हणजे बँड पेशी किती ते बघा, याच्यात 12 टक्के होत्या, आणि एवढ्या सहसा नुसत्या स्टिरॉइडने येत नाहीत. प्रोकॅल्सिटोनिन, बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये वाढणारा रक्तातला घटक, आधी 0.2 होतं, आता 3.1. तेही एकट्याने पुरावा नाही, खूप आजारी कोविडमध्ये किंवा किडनी बिघडली तर ते वाढतं, पण कमी राहिलं तर बॅक्टेरिया नसण्याच्या बाजूने झुकता येतं. सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकावर मात्र या टप्प्याला भरवसा ठेवू नका, स्टिरॉइड त्याला खाली ओढतं आणि टॉसिलिझुमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन दिलं असेल तर तो जवळजवळ गप्पच बसतो, ताप येतोच असंही नाही. अशा पेशंटमध्ये वाढलेली ऑक्सिजनची गरज आणि बेडका हेच पहिले साक्षीदार.

क्रम महत्त्वाचा. बेडक्याचं कल्चर आणि रक्ताची दोन कल्चर पाठवली, मग लगेच अँटिबायोटिक, हॉस्पिटलमध्ये लागलेल्या न्यूमोनियाला चालणारं आणि त्या वॉर्डात कुठले जंतू कशाला दाद देतात ते बघून निवडलेलं. इथे सहसा स्टॅफिलोकोकस, क्लेब्सिएला, स्युडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर भेटतात. शिरेत घातलेली लाइन किती दिवसांची झाली तेही बघितलं, कारण ताप तिथूनही येतो. डायबेटिस आणि स्टिरॉइड एकत्र असल्यामुळे नाकात काळी खपली, डोळ्याला सूज, गालात बधिरपणा असं काही आहे का ते रोज तपासलं, म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार असाच लपून येतो. स्टिरॉइडचा नववा डोस होता, दहाव्यानंतर ते थांबवलं, "अजून सूज असेल" म्हणून लांबवलं नाही.

दोन दिवसांनी बेडक्यात क्लेब्सिएला आला, साध्या अँटिबायोटिकला दाद देणारा. मग सुरुवातीचं जड अँटिबायोटिक बंद करून तेच लावलं आणि एकूण सात दिवस पूर्ण केले. ऑक्सिजन 60 वरून 40, मग परत नाकातली नळी. चोविसाव्या दिवशी साध्या हवेवर 95, सहा मिनिटं चालवून 93, आणि इन्सुलिन निम्म्यावर आणून घरी सोडला, महिन्याभराने एक्स-रे परत काढायचा असं लिहून.