द्राक्षाची साल, चमकणारा रंग आणि एका कॅप्सूलचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

'तारुण्य टिकवणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या रेझव्हेरॅट्रॉलच्या कॅप्सूल आपण दुकानात किंवा ऑनलाइन पाहिल्या असतील. डबीवर बहुधा काळ्या द्राक्षांचा घड छापलेला असतो. आतली पूड मात्र बऱ्याचदा जपानी नॉटवीड नावाच्या झुडपाच्या मुळांतून काढलेली असते, कारण तिथून ती भरपूर आणि स्वस्तात मिळते. यात फसवणूक आहे असं नाही. रेणू तोच आहे. प्रश्न निराळाच आहे: हा रेणू आपल्या शरीरात ते काम करतो का, ज्यासाठी आपण पैसे मोजतो?

द्राक्षवेल हा पदार्थ स्वतःच्या बचावासाठी बनवते. बुरशी चढली किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की पानांत आणि फळाच्या सालीत तो तयार होऊ लागतो. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांची झोप उडवणारा डाउनी हा रोगसुद्धा वेलीला याच कामाला लावतो. रेड वाइनमध्ये तो उतरतो, कारण रस आंबत असताना साली दिवसचे दिवस त्यातच असतात. व्हाइट वाइनसाठी साली आधीच बाजूला काढतात, म्हणून तिच्यात तो फारच थोडा सापडतो. रेड वाइनमध्येसुद्धा तो काही भरपूर नसतो. वाण, हवामान आणि रोगराई यांनुसार आकडा बराच हलतो, पण सरासरी धरायची तर लिटरमागे दोनेक मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आता सर्ट्युइन, कारण त्यांना चेतवूनच हा रेणू तारुण्य टिकवतो असा दावा आहे. हे एन्झाइमांचं एक घराणं आहे आणि माणसात त्याचे सात सदस्य आहेत. आपल्या कथेत काम आहे ते सर्ट-१ चं. पेशीतल्या अनेक प्रथिनांवर लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी अ‍ॅसिटिल नावाचा छोटा गट चिकटलेला असतो. सर्ट-१ तो गट काढून टाकतं आणि त्यामुळे त्या प्रथिनाचं काम बदलतं. असा एकेक गट काढताना एनएडी या रेणूचा एकेक कण खर्ची पडतो. एनएडी पेशीच्या ऊर्जाव्यवहाराशी बांधलेलं आहे, त्यामुळे अन्न कमी पडलं की सर्ट्युइनना त्याची खबर लागते, असं मानलं जातं. यीस्टमध्ये याच घराण्यातल्या एका एन्झाइमचं जनुक जादा घातलं की यीस्टचं आयुष्य वाढतं, हे १९९९ मध्ये दिसलं होतं. कमी खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य वाढतं, हे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी जोडल्या की मोह व्हायचाच: उपास न करता हे एन्झाइम चेतवणारी एखादी गोळी सापडली तर?

२००३ मध्ये ती सापडल्यासारखी वाटली. डेव्हिड सिंक्लेअर आणि कॉनराड हॉविट्झ या संशोधकांच्या गटांनी अनेक रेणू तपासले. त्यांत रेझव्हेरॅट्रॉल सर्वांत जोरकस ठरलं, आणि यीस्टचं आयुष्य त्याने ७० टक्क्यांपर्यंत वाढलं असं त्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जाहीर केलं. ही चाचणी कशी केली होती ते जरा जवळून पाहू, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं.

एन्झाइमने अ‍ॅसिटिल गट काढला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पी-५३ या प्रथिनाचा एक छोटा तुकडा घेतला. त्याच्या टोकाशी अ‍ॅसिटिल लावलेलं लायसिन होतं आणि त्याला लगटून कुमारिन जातीचा एक रंगरेणू. सर्ट-१ ने अ‍ॅसिटिल काढलं की मगच दुसरं एक एन्झाइम तिथे कात्री लावू शकतं. कात्री लागली की रंग सुटतो आणि चमकतो. जितकी चमक जास्त, तितकं सर्ट-१ चं काम जास्त. चाचणी झटपट होते, एका बैठकीत शेकडो रेणू तपासता येतात. रेझव्हेरॅट्रॉल घातलं की चमक वाढली. सर्ट-१ त्या तुकड्याला आता अधिक घट्ट धरत होतं.

२००५ मध्ये दोन गटांनी साधा पण नेमका बदल केला. तुकडा तोच ठेवला, फक्त रंग काढून टाकला आणि अ‍ॅसिटिल निघालं की नाही हे दुसऱ्या पद्धतीने मोजलं. चेतवण्याचा परिणाम नाहीसा झाला. रंग असेल तर रेझव्हेरॅट्रॉल काम करतं, नसेल तर करत नाही. पेशीत कुठल्याही प्रथिनाला कुमारिन लावलेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको. तरीही २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सिर्ट्रिस ही सर्ट्युइनवर औषधं शोधणारी कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली. २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी सिर्ट्रिसचे नवे रेणू आणि रेझव्हेरॅट्रॉल हे सगळे पुन्हा तपासले. निष्कर्ष तोच: रंग नसलेल्या तुकड्यांवर थेट परिणाम नाही.

इथे विषय संपला असं बरेच जण सांगतात. ते मात्र घाईचं आहे. २०१३ मध्ये सिंक्लेअरच्या गटाने 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की तो रंग म्हणजे पाण्यापासून दूर राहणारा एक मोठा, बोजड गट आहे, आणि काही नैसर्गिक प्रथिनांत लायसिनच्या आसपास तसेच बोजड अमिनो आम्लं खरोखरच असतात. अशा तुकड्यांवर रंगाशिवायही चेतना दिसली. शिवाय सर्ट-१ च्या साखळीतलं २३० व्या क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं की ती नाहीशी झाली. हा पुरावा भक्कम आहे. रेणू एन्झाइमवर कुठेतरी नेमका बसतो, हे त्यातून पटतं. पण त्यातून एवढंच ठरतं की काही ठरावीक प्रथिनांपुरता परिणाम होऊ शकतो. सर्ट-१ सरसकट चेततं, हा मूळचा दावा त्यात उरत नाही.

तिसरी वाट २०१२ मध्ये पुढे आली. तिच्यानुसार रेझव्हेरॅट्रॉल सर्ट-१ ला मुळात हात लावतच नाही. ते फॉस्फोडायएस्टरेज नावाची एन्झाइमं रोखतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू साचतो, त्यातून एएमपीके हा ऊर्जेचा पहारेकरी जागा होतो, एनएडी वाढतं आणि मग सर्ट-१ आपोआप कामाला लागतं. म्हणजे सर्ट-१ या साखळीचं शेवटचं टोक. हे खरं असेल तर सर्ट-१ मोजून औषधाची पारख करणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं.

हा सगळा वाद क्षणभर बाजूला ठेवू आणि असं धरू की थेट परिणाम खराच आहे. मग रक्ताचा हिशेब करावा लागतो, आणि कॅप्सूलची खरी अडचण तिथे आहे. २००३ च्या चाचणीत सर्ट-१ चा वेग दुप्पट व्हायला सुमारे ११ मायक्रोमोलर रेझव्हेरॅट्रॉल लागलं. या रेणूचं वजन २२८ आहे, तेव्हा ११ गुणिले २२८ म्हणजे मिलिलिटरला साधारण २,५०० नॅनोग्रॅम. आता माणसाकडे या. २००४ मधल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना २५ मिलिग्रॅम तोंडाने दिलं. त्यातलं ७० टक्के तरी आतड्यातून शोषलं गेलं, म्हणजे शोषणात काही खोट नव्हती. तरीही रक्तात मूळ रूपातलं रेझव्हेरॅट्रॉल मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमहूनही कमी निघालं. आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी त्याला येता-जाताच सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइड चिकटवून टाकतात. हे बदललेले रेणू लघवीवाटे निघून जातात. हवं होतं २,५००, मिळालं ५ पेक्षा कमी. फरक पाचशे पटींचा आहे.

मग डोस वाढवला तर? तेही करून झालंय. एकाच वेळी ५ ग्रॅम घेतल्यावर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या दहा कॅप्सूल, रक्तातला सर्वोच्च आकडा सुमारे ५४० नॅनोग्रॅमपर्यंत गेला आणि तोही थोड्याच वेळापुरता. अजूनही हव्या त्या पातळीच्या पाव हिश्श्याखालीच. रोज अडीच ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांना जुलाब, मळमळ आणि पोटदुखी होऊ लागते. काही संशोधक म्हणतात की सल्फेट लागलेला रेणू ऊतींमध्ये पुन्हा मोकळा होत असेल. पेशींवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय. माणसाच्या स्नायूत किंवा यकृतात त्यातून पुरेशी मात्रा साठते असं दाखवणं अजून बाकी आहे.

उंदरांच्या बातम्यांचं काय, असं आपण विचाराल. २००६ मधल्या गाजलेल्या प्रयोगात ६० टक्के उष्मांक चरबीतून येणारा आहार उंदरांना दिला होता. रेझव्हेरॅट्रॉल मिळालेले उंदीर लठ्ठच राहिले, पण त्यांचं यकृत आणि इन्सुलिनचं काम सुधारलं आणि ते जास्त जगले. डोस होता किलोला दिवसाला २२.४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने हे सुमारे १,३४० मिलिग्रॅम होतं. शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लावून बरंच खाली आणलं तरी शंभरेक मिलिग्रॅम. वाइनमधून तेवढं मिळवायचं तर रोज पन्नास लिटर प्यायला हवी. आणि साधा आहार खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य रेझव्हेरॅट्रॉलने वाढलं नाही. अमेरिकेत तीन प्रयोगशाळांनी मिळून, वेगवेगळ्या आनुवंशिक मिश्रणाचे उंदीर घेऊन केलेल्या चाचणीतही वाढलं नाही. म्हणजे बिघडलेल्या चयापचयाची डागडुजी झाली असेल. निरोगी प्राण्याचं म्हातारपण मागे सरकलं, असं यातून म्हणता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ११ लठ्ठ पुरुषांना महिनाभर रोज १५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तदाब, रक्तातली साखर आणि यकृतातली चरबी थोडी उतरली. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांनाच त्याच्या दहापट, रोज दीड ग्रॅम दिलं, तर इन्सुलिनवर किंवा यकृतातल्या चरबीवर काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षी कोपनहेगनमधली आणखी एक चाचणी झाली, आणि तिच्याकडे विशेष लक्ष द्यायला हवं. पासष्टीच्या आसपासच्या पुरुषांनी आठ आठवडे जोरदार व्यायाम केला. निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम रेझव्हेरॅट्रॉल दिलं, उरलेल्यांना खोटी गोळी. दमसास दोन्ही गटांत वाढला, पण खोटी गोळी घेणाऱ्यांचा ४५ टक्के जास्त वाढला. व्यायामात स्नायूत जी ऑक्सिडीकरणाची ठिणगी पडते, तिच्यामुळेच शरीर जुळवून घेतं. ती ठिणगीच या पदार्थाने दबली असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून फिरायला, पोहायला किंवा जिमला जाणाऱ्या ज्येष्ठांनी ही कॅप्सूल 'निदान अपाय तरी नाही' या भरवशावर घेऊ नये. दुसरी सावधगिरी औषधांची. रोज एक ग्रॅमच्या डोसने यकृतातली काही औषधपाचक एन्झाइमं मंदावतात, त्यांत वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध पचवणारं एन्झाइमही आहे. ते औषध चालू असेल तर शरीरात साठून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर डबी डॉक्टरांना दाखवा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर चाचणी ठरल्या तारखेची वाट न पाहता करून घ्या आणि एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम आहे तो आकडा लेबलवरून वाचून सांगा. 'हर्बल काहीतरी घेतो' एवढ्यावर त्यांना काही ठरवता येणार नाही.